हौसेचे केक आणि आयटीआर-१

ओळखीतल्या एक ताई नोकरी सांभाळून घरी केक करतात. सुरुवात भाच्याच्या वाढदिवसापासून झाली. त्या वर्षी नात्यातल्या दोघा-तिघांनी सामानाचे पैसे दिले, वर थोडे जास्तच दिले. गेल्या वर्षी मात्र त्यांच्या वहीत २४० केक होते, सरासरी ८०० रुपयांचे. म्हणजे १,९२,००० रुपये जमा. तरी त्या म्हणतात, "माझी हौस आहे, यावर कसला कर?"

आपल्या आयकर कायद्यात 'हौस' नावाचा रकानाच नाही. हौसेतून आलेला पैसाही करपात्रच असतो. प्रश्न एवढाच, की तो 'इतर उत्पन्न' धरायचा की 'व्यवसायाचे उत्पन्न'. नात्यातल्या त्या दोन-तीन केकवर जे काही सुटले, ते इतर उत्पन्न. पण गेल्या वर्षी ताईंनी दरपत्रक ठरवले, आगाऊ रक्कम घेतली, एप्रिलमध्ये ४०,००० रुपयांचा मोठा ओव्हन आणला आणि दर आठवड्याला ऑर्डरी पुऱ्या केल्या. आपण त्याला काय म्हणतो यापेक्षा हे वागणे जास्त बोलते. माझ्या मते हा व्यवसायच आहे.

सातत्य हीच एक खूण आहे असेही नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने जी. वेंकटस्वामी नायडू प्रकरणात जमिनीच्या सुट्या व्यवहारालाही व्यापारी स्वरूपाचा मानले. गिरणीलगतचे तुकडे घेतले ते गिरणीलाच नफ्याने विकण्यासाठी, हा हेतू तिथे निर्णायक ठरला. सगळी परिस्थिती एकत्र पाहायची, एकाच कसोटीवर निकाल लावायचा नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

आता ताईंचा हिशेब. मैदा, लोणी, क्रीम, खोके आणि गॅस मिळून खर्च १,१०,००० रुपये. इतर उत्पन्न धरले तरी हा खर्च वजा होतो, उरतात ८२,०००. पण ओव्हनचे काहीच वजा होत नाही. व्यवसाय धरला, तर ओव्हनवर १५ टक्के घसारा मिळतो, म्हणजे ६,०००. उरतात ७६,०००.

खरा फरक तोट्याच्या वर्षी कळतो. व्यवसायाचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. इथे अनेकांचा गैरसमज होतो. पण विवरणपत्र मुदतीत भरले, तर तो पुढची आठ वर्षे व्यवसायाच्याच नफ्यातून वळता करता येतो. केकचा तोटा 'इतर उत्पन्ना'त दाखवला, तर तो पुढच्या वर्षी नेता येत नाही.

ताईंची चूक अगदी साधी होती. पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ त्यांनी भरला. त्या फॉर्मात व्यवसायाच्या उत्पन्नाला जागाच नसते; त्यासाठी आयटीआर-३ किंवा, अंदाजित नफ्याची सोय घेतली तर, आयटीआर-४ लागतो. तुमच्याही वहीत ऑर्डरी वाढल्या असतील, तर विवरणपत्र भरण्याआधी फॉर्मचा क्रमांक तेवढा पाहून घ्या.