समजून घ्या : चाड्यावर मूठ धरताना शेतकरी ‘वेळेवर पाऊस’ मागतो, तो नेमका कधीचा?

जूनमध्ये मृग नक्षत्र लागलं की मराठवाडा आणि विदर्भातल्या शिवारात पेरणीची तयारी सुरू होते. बियाणं मातीत पडण्याआधी तिफणीला हळदकुंकू लागतं, बैलांना ओवाळलं जातं, नारळ फुटतो आणि मग चाड्यावर मूठ धरली जाते. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी वाडगं. मुठीतून सोडलेलं बी चाड्यातून नळ्यांमध्ये आणि तिथून तासात पडतं. आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर आणि पेरणी यंत्र आलं आहे. पहिली मूठ मात्र यंत्राच्या पेटीतही हात जोडूनच टाकली जाते.

प्रार्थनेचे शब्द घरोघरी वेगळे असतात. कोणी काळ्या आईला हाक मारतं, कोणी ग्रामदेवतेला. मागणं मात्र सगळीकडे जवळपास सारखंच असतं. गेल्या सालच्या पिकाचे आभार, यंदा वेळेवर पाऊस आणि पदरात पडेल अशी रास. यातल्या प्रत्येक मागण्याला शेतात ठरलेला अर्थ आहे. सोयाबीनच्या उदाहरणावरून तो समजून घेऊ.

आभार कशाचे?

मुठीतलं बी अनेकदा गेल्या वर्षीच्याच राशीतलं असतं. सोयाबीनमध्ये परागीभवन फुलातल्या फुलात होतं, त्यामुळे वाण सहजासहजी बिघडत नाही आणि घरचं बियाणं पुन्हा पेरता येतं. पण सोयाबीनच्या दाण्याचं आवरण पातळ असतं. पोती उंचावरून आपटली किंवा थप्पी उंच लावली, तर बाहेरून धडधाकट दिसणारं बी उगवतच नाही.

म्हणून पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी उगवण तपासायची. सरसकट १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट सुकू द्यायचं नाही. पाच ते सात दिवसांनी चांगला कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. समजा ६० निघाले, तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागायचं. उत्तर येतं ३५ किलो, म्हणजे एकरी पाच किलो जास्त. उगवण त्याहून बरीच कमी असेल, तर ते बियाणं बाजूला ठेवलेलं बरं.

पहिला पाऊस आला, मग थांबायचं कशासाठी?

‘वेळेवर’ या शब्दाची पहिली परीक्षा इथे होते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. २०-२५ मिलिमीटरच्या सरीने काळ्या जमिनीचा वरचा थरच भिजतो. एवढी ओल बी फुगवायला आणि कोंब काढायला पुरते, पण मूळ खाली जातं तेव्हा त्याला कोरडी, तापलेली माती लागते. पाऊस आठवडाभर लांबला की रोप माना टाकतं आणि दुबार पेरणीची वेळ येते. म्हणजे बियाणं, खत आणि मजुरी पुन्हा एकदा, तीही हातातले पैसे संपलेले असताना.

त्यामुळे पूजा मृगाच्या मुहूर्तावर झाली, तरी पिशवी फोडण्याआधी हातभर खड्डा खणून पाहावा. वीतभर खोलीवरच्या मातीचा मुठीत लाडू वळला, तर ओल खाली पोहोचली असं समजावं. घाई करण्याचं तसं कारणही नसतं. सोयाबीनची पेरणी साधारण १५ जुलैपर्यंत करता येते.

पेरल्यावर लगेच धो-धो पाऊस आला तर?

तोही नको असतो. सोयाबीनचा कोंब बाहेर येताना मान वाकवून दोन्ही डाळिंब्या मातीतून वर ओढतो. पेरणीनंतर जोराचा पाऊस पडून लगेच कडक ऊन पडलं की मातीवर पापडी धरते. ती फोडताना कोंबाची मान मोडते. बी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडलं असेल तर नुकसान जास्त होतं. म्हणून ते तीन ते पाच सेंटिमीटरवरच राहील, असं यंत्र लावून घ्यावं लागतं. पेरणीनंतर हवी असते ती रिमझिम.

ऑगस्टचं काय?

समजा, १०० दिवसांचं वाण २५ जूनला पेरलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते फुलावर येतं, महिनाअखेरीस शेंगांत दाणे भरू लागतात. याच काळात पिकाला पाण्याची सर्वाधिक गरज असते. खंड पडला तर फुलं गळतात, शेंगा पोचट राहतात आणि दाणा बारीक होतो.

२०२३ मध्ये हेच अनुभवाला आलं. त्या वर्षी मान्सून केरळात ८ जूनला पोहोचला आणि मुंबईत २५ जूनला. पेरण्या लांबल्या. त्यानंतर आलेला ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, देशाची सरासरीही ओलांडली. पण फुलं गळून गेल्यावर पडलेला पाऊस ती झाडावर परत आणत नाही. पावसाची बेरीज आणि पावसाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकरी मूठ धरताना दुसरी गोष्ट मागत असतो.

शेवटचा पाऊस हवा की नको?

इथे मागणं अवघड होतं. २५ जूनला पेरलेलं पीक ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीला येतं. त्याच सुमारास हस्त नक्षत्र चालू असतं. रब्बी ज्वारी आणि हरभऱ्यासाठी हस्ताचा पाऊस मोलाचा, कारण त्याच ओलीवर त्यांची पेरणी होते. उभ्या, पिकलेल्या सोयाबीनला मात्र तोच पाऊस घातक ठरतो. शेंगा भिजतात, दाणे काळे पडतात, कधी शेंगेतच कोंब फुटतात.

नक्षत्रांचे जुने आडाखे बसले ते ज्वारी-बाजरीच्या काळात. सोयाबीन हे इथलं गेल्या तीन-चार दशकांतलं पीक. त्यामुळे एकाच बांधाच्या अलीकडे उघडीप हवी असते आणि पलीकडे पाऊस. शेतकऱ्याच्या हातात एवढंच उरतं की शेंगा पिवळ्या पडून वाळल्या की कापणी लांबवायची नाही, कापलेलं पीक सखल जागी ठेवायचं नाही आणि झाकायला ताडपत्री आधीच आणून ठेवायची.

रास पदरात पडली, हे कधी म्हणायचं?

पोती मोजून झाली म्हणजे रास पदरात पडली असं होत नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने खरेदी होताना दाण्यातल्या ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के असते. कापणीत भिजलेला माल त्यात बसत नाही आणि मग तो व्यापारी देईल त्या भावाला जातो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. भिजलेल्या दाण्याची उगवणही जाते, तो बियाण्याच्या कामाचा राहत नाही. अशा वर्षानंतर पुढच्या मृगाला मूठ धरायची ती दुकानातून विकत आणलेल्या बियाण्याची. म्हणूनच जाणते शेतकरी पावसात न सापडलेल्या चांगल्या तुकड्यातलं सोयाबीन आधी वेगळं काढतात, नीट वाळवतात आणि जमिनीचा ओलावा लागू नये म्हणून लाकडी फळ्यांवर ठेवतात. पुढच्या वर्षीची मूठ तिथूनच येते.