बुलेटच्या चेनकेसमधलं तेल

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये तेल तीन ठिकाणी भरावं लागतं, आणि या तिन्ही जागा एकमेकींपासून वेगळ्या आहेत. एक इंजिन, दुसरा गिअरबॉक्स आणि तिसरी डाव्या बाजूची लांबट, बंद पेटी. या पेटीला कुणी चेनकेस म्हणतं, कुणी क्लच केस. इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी प्रायमरी चेन हिच्यात फिरते. मागच्या चाकाची चेन वेगळी. ती बाहेरून दिसते, म्हणून निदान तिच्याकडे लक्ष तरी जातं. २००९च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनात इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल पुरतं. त्यामुळे आज नव्या गाडीवरून जुन्या गाडीवर येणाऱ्याला या तिसऱ्या जागेचा पत्ताच नसतो. इंजिनचं तेल तो वेळेवर बदलतो आणि चेनकेस तशीच राहते.

हिच्यात लागतं जेमतेम ४२० मिलिलिटर तेल. इंजिनला त्याच्या चौपटीहून जास्त, दोन लिटरच्या वर. पण फरक प्रमाणापेक्षा कामाचा आहे.

इंजिनातलं तेल पंपाच्या जोरावर फिरतं. बेअरिंगवर जातं, वर रॉकरपर्यंत चढतं, गाळून परत टाकीत येतं. वाटेत पेट्रोलच्या ज्वलनाची काजळी, न जळलेलं पेट्रोल आणि आम्लं त्यात मिसळतात. म्हणून त्यात काजळी तरंगत ठेवणारी आणि आम्ल मारणारी रसायनं घातलेली असतात. तापल्यावरही ते पाण्यासारखं पातळ होऊ नये, याची काळजी घेतलेली असते. इंजिनचं तेल काळं पडलं म्हणजे ते घाण उचलतंय, एवढाच त्याचा अर्थ.

चेनकेसमध्ये यातलं काहीच नाही. पंप नाही, गाळणी नाही, ज्वलन नाही. तळाशी तेलाचं उथळ तळं असतं. चेन फिरताना खालून त्यात बुडते आणि तेल वर उचलून सगळीकडे उडवते. नुसत्या चेनचाच प्रश्न असता, तर जवळपास कुठलंही स्वच्छ तेल चाललं असतं. ती फार मागणी करणारी नाही. मागणी असते क्लचची. त्याच्या प्लेटा याच तेलात भिजत फिरतात. एकीकडे घर्षणाचा थर असलेल्या प्लेटा, मधून मधून साध्या पोलादी, आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. मधलं तेल दाबाखाली निघून गेलं की प्लेटा एकमेकींना पकडतात. म्हणजे इथल्या तेलानं चेनला घसरवायचं आणि क्लचला घसरू द्यायचं नाही. इंजिनच्या तेलाला ही दुसरी अट कधीच नव्हती.

जुन्या पुस्तिकेत चेनकेससाठी इंजिनचंच तेल लिहिलेलं असतं, आणि ते बरोबरच होतं. पण ते त्या काळचं तेल. आज दुकानात मिळणाऱ्या कारच्या बऱ्याच तेलांत, विशेषतः पातळ आणि इंधन वाचवणाऱ्या तेलांत, घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती धातूवर निसरडा थर बसवतात. कारचा क्लच कोरडा आणि वेगळ्या जागी असल्यानं तिथं काही बिघडत नाही. बुलेटच्या ओल्या क्लचवर मात हाच थर बसला की पकड सुटते. म्हणून बाटलीवरचा नुसता जाडीचा आकडा पाहून भागत नाही. जपानी वाहन उद्योगाच्या मानकाप्रमाणे ‘जासो एमए’ लिहिलेलं मोटरसायकलचं तेल ओल्या क्लचसाठी असतं. ‘एमबी’ हे मुख्यतः कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी, कमी घर्षणाचं. साधं २०-डब्ल्यू-५० किंवा २०-डब्ल्यू-४० जाडीचं, एमए लिहिलेलं तेल चेनकेसला उत्तम चालतं. महागडं सिंथेटिक घेण्याची इथं काहीच गरज नाही.

दुसरी चूक उलट्या दिशेची. गिअरबॉक्ससाठी आणलेलं नव्वद नंबरचं तेल उरलं म्हणून चेनकेसमध्ये ओततात. नव्वद हा आकडा ऐकायला फार जाड वाटतो. पण गिअर तेलाचे आकडे वेगळ्या मोजपट्टीचे आहेत, आणि प्रत्यक्षात नव्वद नंबर हे इंजिनच्या चाळीस-पन्नास नंबरच्या आसपासचंच असतं. त्रास जाडीचा कमी आणि आतल्या रसायनांचा जास्त. गिअरचे दात प्रचंड दाबाखाली घासतात, म्हणून धातूला चिकटून राहणारी गंधकाची संयुगं त्यात असतात. क्लचच्या प्लेटांना तीच नको असतात.

समजा, घाट चढताना टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला, इंजिनचा आवाज चढला, पण गाडीचा वेग तेवढाच राहिला. म्हणजे क्लच स्लिप होतोय. तेलाला दोष देण्याआधी क्लच लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल आहे का, ते पाहावं. ती नसेल तर केबलच क्लचला अर्धवट दाबून ठेवते. चाल ठीक असेल, तर गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी सरळ उभी करावी आणि चेनकेसच्या खालच्या बाजूचा लेव्हलचा छोटा स्क्रू काढावा. थेंब थेंब बाहेर येऊन थांबलं, तर पातळी बरोबर. काहीच आलं नाही, तर तेल कमी आहे. अशा वेळी चेन कोरडी पडून ताणते आणि डाव्या बाजूनं खडखड ऐकू येते. धार लागली, तर जास्त आहे. जास्त तेलात क्लच नीट सुटत नाही, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडेनासं होतं.

धार लागली आणि आपण तर मोजून ४२० मिलिलिटरच भरलं होतं, तर खरा तपास इथून सुरू होतो. तेल बोटावर घेऊन पाहावं. काळं असेल, जळकट किंवा पेट्रोलचा वास येत असेल आणि त्याच वेळी इंजिनची डिपस्टिक कमी दाखवत असेल, तर क्रँकशाफ्टच्या डाव्या टोकाचं ऑइल सील गेलं आहे. इंजिनच्या पोटातला दाब तेल चेनकेसमध्ये ढकलतो आहे. खात्री करायची तर सगळं तेल काढून मोजकं नवं भरावं आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा काढून मापात ओतून पाहावं. जेवढं वाढलं, तेवढं इंजिनातून आलं. नुसतं तेल बदलत राहिल्यानं हा आजार जात नाही. सील बदलावंच लागतं.

तेल दुधी, कॉफीसारखं दिसलं, तर पाणी शिरलं आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर हे होतं. पण पाण्यात न जाताही होऊ शकतं. चेनकेस इंजिनाइतकी तापत नाही, आणि रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरली की आत धरलेला दमटपणा उडून जायला वेळ मिळत नाही.

तेल बदलण्यासाठी बहुतेक जुन्या बुलेटमध्ये खाली वेगळा बोल्ट नसतो. डावीकडचं फूटरेस्ट काढून, ब्रेकचं पॅडल बाजूला करून अख्खं कव्हर काढावं लागतं. ते मधल्या एकाच नटावर असतं. खाली परात ठेवून हळूच ओढावं. आत क्रँकच्या टोकावर ऑल्टरनेटरचा चुंबक फिरत असतो आणि चेनची झिजलेली पोलादी पूड त्यावर जमते. फडक्यानं ती पुसून काढावी. पूड बारीक असेल तर ती नेहमीची झीज. कण किंवा चकत्या दिसल्या तर चेन आणि तिचे दात तपासावेत. पुन्हा बसवण्याआधी चेन फिरवत वेगवेगळ्या जागी दाबून पाहावी. सर्वांत घट्ट जागीही तिला साधारण सहा मिलिमीटर खेळ हवा. स्लिप होणाऱ्या क्लचच्या प्लेटा काढून पेट्रोलमध्ये धुवाव्यात. घर्षणाचा थर जळून चकचकीत झाला असेल, तर धुऊन काही साधत नाही, प्लेटा बदलाव्याच लागतात.

कव्हरभोवतीचं रबरी सील आखडलं असेल, तर नवं घालावं. गळती थांबवायची म्हणून मधला नट जोर लावून आवळत बसू नये. त्यानं ॲल्युमिनियमचं कव्हर वाकतं आणि मग नव्या सीलमधूनही तेल पाझरत राहतं.