आजीसाठी पाच मिनिटं

गावाकडे दशक्रियेला घाटावर प्रवचन संपलं की श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि ती बहुतेक वेळा गावातली वजनदार माणसं करतात. शहरातल्या प्रार्थनासभेचं तसं नसतं. दोन-तीन भजनं होतात, फोटोला हार घातलेला असतो आणि घरातलंच कुणीतरी नातवंडाकडे वळून म्हणतं, "तू बोल दोन शब्द." मुलं-सुना तेव्हा बोलायच्या स्थितीत नसतात. नातवंडांनी आजीला जवळून पाहिलेलं असतं, शिवाय उभं राहून बोलण्याइतकं बळही त्यांच्यात असतं. म्हणून हे काम त्यांच्याकडे येतं आणि ते त्यांनीच करावं, असं मला मनापासून वाटतं.

वेळ पाच मिनिटांची धरावी. अशा प्रसंगी माणूस एरवीपेक्षा सावकाश बोलतो, मध्ये थांबतो. मिनिटाला शंभरेक शब्द धरले तर साडेचारशे ते पाचशे शब्द, म्हणजे हाताने लिहिलेली दोन-अडीच पानं होतात. एवढ्यात आजीचं अख्खं आयुष्य मावत नाही. जन्मगाव, लग्न, मुलं, आजारपण असं ओळीने सांगायला गेलं, तर निम्मा वेळ रुग्णालयातल्या शेवटच्या महिन्यांवर जातो, कारण आपल्याला तेच ताजं आठवत असतं. समोर बसलेल्यांनी मात्र तिला चाळीस-पन्नास वर्षं हिंडती-फिरती पाहिलेली असते.

दुसरी अडचण विशेषणांची. मृत्यूवर लिहावं ते आचार्य अत्र्यांनी, असं आपल्याकडे मानलं जातं. नेहरू गेल्यावर १९६४ मध्ये त्यांनी 'मराठा'त लिहिलेली 'सूर्यास्त' ही लेखमाला आजही लोकांच्या आठवणीत आहे. पण तो शोक अख्ख्या देशाचा होता, त्यामुळे भाषेची ती उंची तिथे शोभली. आजीबद्दल 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'मायेची सावली' म्हटलं, तर ते खोटं नसतं, पण शेजारच्या आजीलाही ते तितकंच लागू पडतं. सभेतल्या माणसांना त्यांची आजी दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, आजी लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. गिरणगावात अशा बायका घरोघरी होत्या. गावाकडे बायको-मुलं ठेवून आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर त्यांच्याकडे जेवायचे. नातीच्या पहिल्या मसुद्यात वाक्य असं होतं: 'आजी अतिशय कष्टाळू होती आणि तिने सगळ्यांना मायेने जेवू घातलं.' आता नातीने थोरल्या काकांना फोन करून एवढंच विचारायचं, की सगळ्यांना म्हणजे नेमकं कुणाला? काका संपाबद्दल बोलू लागतात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले आणि खानावळीचे पैसेही थांबले. आजीने ताटं थांबवली नाहीत. ती वहीत उधारी लिहीत गेली. पुढे कितीतरी जण गावी गेले ते परत आलेच नाहीत, पण वही तिने फाडली नाही.

यातून भाषणात जो परिच्छेद येईल, तो साधारण असा:

"आजीकडे एक लाल पुठ्ठ्याची वही होती. संपाच्या काळात जे जे जेवून गेले, त्यांची नावं तिने त्यात लिहिली आहेत. मी लहानपणी विचारलं होतं, 'हे पैसे कधी मिळणार गं?' ती म्हणाली, 'पैशांसाठी कुठे लिहिलंय? कोण कोण जेवलं ते लक्षात राहावं म्हणून लिहिलंय.' त्यानंतर तिने मला पोळ्या लाटायला बसवलं. माझी पोळी कधीच गोल झाली नाही. ती तव्यावर टाकताना म्हणायची, 'असू दे, पोटात गेल्यावर कुणाला कळतंय.'"

इथे 'माया' हा शब्द एकदाही आलेला नाही. वही आहे, पोळी आहे आणि तिच्या बोलण्याची ढब आहे. असे दोन प्रसंग भाषणाला पुरतात. एक ती तरुण असतानाचा, मोठ्यांकडून मिळालेला आणि दुसरा आपण स्वतः पाहिलेला. ऐकलेली गोष्ट बोलण्याआधी निदान दोघांकडून पडताळून घ्यावी. संपाचं वर्ष, गावाचं नाव, आत्याचा क्रमांक यांत चूक झाली, तर पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच दुरुस्ती करतं आणि बोलणाऱ्याचा धीर सुटतो. वाटणी, अबोला, जुनी भांडणं यांतलं काही आठवणींच्या ओघात आलं, तर ते तिथेच सोडून द्यावं.

नावं घेताना जपावं लागतं. तीन आत्यांपैकी दोघींचं नाव आलं, तर तिसरीला ते वर्षानुवर्षं लागून राहतं. म्हणून एक तर सगळ्यांची नावं घ्यावी किंवा 'आम्ही सगळी नातवंडं' म्हणून पुढे जावं. मात्र जिने शेवटपर्यंत केलं, तिचं नाव घ्यायलाच हवं. ती सून असेल, नाहीतर दिवसभर सोबत राहणारी मावशी असेल. हे एक वाक्य चुकून राहू नये, म्हणून ते आधीच लिहून टाकावं.

आता आवाजाचं. रडू येतं तेव्हा शरीर जास्त हवा घेण्यासाठी घशातली वाट उघडी ठेवायला बघतं आणि गिळताना तर ती मिटावी लागते. या ओढाताणीमुळेच घशात आवंढा अडकल्यासारखं वाटतं. तो दाबून बोलायला गेलं की आवाज फाटतो. थांबून सावकाश श्वास सोडावा, घोटभर पाणी प्यावं आणि मग पुढचं वाक्य घ्यावं. सभा थांबते, कुणालाही घाई नसते. कुठे गळा दाटेल हे आधी कळायला हवं, त्यासाठी आदल्या दिवशी कुणाला तरी समोर बसवून भाषण मोठ्याने वाचावं. मनातल्या मनात वाचून ती जागा सापडत नाही. सापडली की कागदावर तिच्या आधी रेघ मारावी, म्हणजे तिथे पोचण्यापूर्वी थांबायचं लक्षात राहतं. तो प्रसंग भाषणाच्या मध्यावर ठेवावा. सुरुवातीला ठेवला तर पुढचं बोलणंच होत नाही आणि शेवटी ठेवला तर समारोप हुंदक्यात जातो. वहीनंतर पोळीचा प्रसंग आला, की ऐकणारे जरा हसतात आणि त्या हसण्यात बोलणाऱ्याचा आवाज पुन्हा जागेवर येतो. प्रार्थनासभेत हसू आलं, तर ते अवघड वाटून घेऊ नये.

मोबाइलवरून वाचणं टाळावं. पडदा मधेच काळा होतो, कुणाचा तरी फोन येतो, बोट लागून मजकूर सरकतो. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहावं आणि पानांवर क्रमांक घालावेत. माइक असेल तर हार-फुलं मांडण्याआधीच जाऊन एकदा बोलून बघावं.

शेवटची दोन वाक्यं पाठ असावीत. एकात दुरून आलेल्यांचे आभार मानावेत आणि दुसऱ्यात पुढे काय होणार ते सांगावं: 'आता आपण सगळे मिळून पसायदान म्हणू या.' पसायदान सगळ्यांना येतं, त्यामुळे आवाज आपोआप मिळतात आणि बोलणाऱ्याला एकट्याने काही सांभाळावं लागत नाही. भाषणाची दुसरी प्रत चुलतभावाकडे किंवा बहिणीकडे देऊन त्यांना पहिल्या रांगेत बसवावं. मध्येच बोलवेनासं झालं, तर त्यांनी उठून त्याच ओळीपासून पुढे वाचावं, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावं.