अठ्ठावीस दिवसांचा महिना

जुहूच्या विमानतळावरून सकाळी हेलिकॉप्टरं सुटतात आणि पश्चिमेला समुद्राकडे वळतात. आत बसलेली माणसं ऑपरेटर, ड्रिलर, इलेक्ट्रिशियन, केमिस्ट अशी असतात. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. तिथल्या प्लॅटफॉर्मवरची नोकरी सहसा चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशा ठेक्यात चालते. समुद्रातल्या चौदा दिवसांत रोज बारा तासांची पाळी असते आणि रविवार कधी आला नि गेला हे कळतही नाही.

जाण्याआधी बुडत्या हेलिकॉप्टरमधून सुटण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पट्टा बांधून बसवलेली माणसं केबिनच्या सांगाड्यासकट तलावात उलटी केली जातात. हालचाल थांबेपर्यंत खिडकीची कड हाताने धरून ठेवायची, आधी खिडकी ढकलायची आणि पट्टा शेवटी सोडायचा. आधीच पट्टा सोडला, तर पाण्यात वर-खाली कळत नाही आणि खिडकी सापडत नाही. हे कसब दोन-तीनदा केलं की अंगात भिनतं. कॅलेंडरशी जुळवून घ्यायला मात्र कितीतरी वर्षं जातात.

चौदा अधिक चौदा म्हणजे अठ्ठावीस. अशा तेरा फेऱ्यांचे ३६४ दिवस होतात. वर्ष मात्र ३६५ दिवसांचं, लीप वर्ष ३६६ चं. त्यामुळे तारीख दरवर्षी फेरीत एकाच दिवसाने सरकते, लीप वर्षी दोन दिवसांनी. एक उदाहरण घेऊ. सांगलीकडचा एक तंत्रज्ञ १ नोव्हेंबर २०२४ रोजी प्लॅटफॉर्मवर चढला आणि फेरी कधीच मोडली नाही, असं धरू. त्याच्या मुलीचा जन्म ५ नोव्हेंबर २०२३ चा. पहिल्या वाढदिवशी तो फेरीच्या पाचव्या दिवशी समुद्रात आहे, दुसऱ्याला सहाव्या, तिसऱ्याला सातव्या. असं सरकत सरकत आठवा वाढदिवसही, २०३१ चा, तेराव्या दिवशी येतो. नववा वाढदिवस ५ नोव्हेंबर २०३२ रोजी अगदी बदलीच्या दिवशी पडतो, म्हणजे संध्याकाळी केक कापायला बाप घरात असेल, तोही हवामान नीट असलं तर.

दिवाळीचं गणित वेगळं, कारण ती चांद्र तिथीने फिरते. २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, म्हणजे याच्या चढण्याच्याच दिवशी. २०२५ चं २१ ऑक्टोबरला, तेव्हा हा घरी. २०२६ चं ८ नोव्हेंबरला, तेव्हा पुन्हा समुद्रात. तीनपैकी एक. समोरच्या पाळीतल्या जोडीदाराच्या वाट्याला बाकीच्या दोन आल्या. म्हणूनच जुनी माणसं रोस्टर लागल्या लागल्या पंचांग घेऊन बसतात आणि अदलाबदलीचं बोलणं महिनोन्‌महिने आधी करून ठेवतात. लग्नाचा मुहूर्त ठरवताना गुरुजींच्या आधी रिलीव्हरला विचारलं जातं, हा विनोद नाही.

पावसाळ्यात याच हिशेबाला तडा जातो. हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही, बदली माणूस येत नाही आणि चौदाचे पंधरा-सोळा दिवस होतात. घरी मुलाच्या कॉलेज प्रवेशाची तारीख मात्र थांबत नाही. त्यामुळे अनुभवी कुटुंबात कागदपत्रं, बँकेचे व्यवहार, डॉक्टरचे नंबर हे सगळं बायकोच्या हाती असतं. ती नोकरी करत असेल, तर चौदा दिवस एकटीने घर ओढायचं आणि पुढचे चौदा दिवस घरात रिकामा बसलेला माणूस सांभाळायचा, अशी तिचीही पाळी चालते.

या ठेक्याचा एक मोठा फायदाही आहे. कामावर महिन्यातून एकदाच जायचं असल्यामुळे घर मुंबईतच हवं असं नाही. सांगली, नांदेड, जळगाव कुठेही चालतं. आईवडील जवळ राहतात, शेताकडे लक्ष देता येतं, मुलांची शाळा बदलत नाही. धोका पुढे असतो. समुद्रातल्या कामाचा भत्ता पगारात मिसळून दिसतो आणि घरकर्जाचा हप्ता त्या बेरजेवर ठरतो. मग एक दिवस बदलीचा आदेश निघतो. उरण असो, गुजरातेतलं मेहसाणा असो की आसामातलं शिवसागर, समुद्र सुटला की त्याचा भत्ताही सुटतो, हप्ता मात्र तोच राहतो. कार्यालयात नेमणूक झाली, तर सलग चौदा दिवसांची सुट्टीही जाते आणि सांगलीचं घर अचानक फार लांब होतं.

मुरलेला माणूस म्हणून हप्ता मूळ पगार आणि महागाई भत्त्यावरच बसवतो. समुद्राचा भत्ता तो वेगळ्या खात्यात टाकतो, आणि त्या खात्याचं पासबुक घरातल्या कपाटात राहतं, प्लॅटफॉर्मवरच्या बॅगेत नाही.