पहिल्याच ई-मेलमधले दोन प्रश्न

चाकण किंवा शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांना छतावरचा सोलर प्रकल्प विकणाऱ्यांचा वेळ बऱ्याचदा कुठे वाया जातो? इंजिनिअर जातो, छप्पर मोजतो, सावली बघतो, कोटेशन तयार होतं आणि मग कळतं की शेड भाड्याची आहे, करार दोन वर्षांत संपतोय. पॅनेल २५ वर्षं चालणार, घातलेले पैसे वसूल व्हायलाच काही वर्षं जाणार. असा भाडेकरू प्रकल्प घेईलच कशाला?

हे पहिल्या ई-मेलमध्येच विचारता येतं. विक्री शिकवणारे गिऱ्हाइकाबद्दल चार गोष्टी जाणून घ्यायला सांगतात: बजेट किती, निर्णय कोणाचा, गरज काय आणि घ्यायचं कधी. पण अनोळखी माणसाला चारही एकदम विचारल्या, की तो उत्तरच देत नाही. बजेटचा प्रश्न तर सुरुवातीला टाळावाच, कारण प्रकल्प किती मोठा लागेल हे त्यालाही अजून माहीत नसतं.

माझ्या मते दोन प्रश्न पुरे, आणि तेही असे की मालक बसल्या जागी एका ओळीत उत्तर देईल. जे आपल्याला शोधता येतं ते विचारू नये. छताचा आकार उपग्रह नकाशावर दिसतो, म्हणून तो आधी बघून ठेवावा. मग ई-मेल असा लिहिता येतो:

“नमस्कार साहेब. नकाशावर आपलं छप्पर साधारण १२,००० चौरस फूट दिसतं. त्यावर १०० किलोवॉटपर्यंतचा प्रकल्प बसू शकेल. तो आपल्याला परवडेल का, हे दोन गोष्टींवर ठरेल. जागा स्वतःची आहे की भाड्याची? आणि महिन्याला साधारण किती युनिट वीज लागते?”

१०० किलोवॉटचा प्रकल्प महिन्याला दहा-बारा हजार युनिट देतो. मालकाने १५,००० युनिट आणि स्वतःची जागा सांगितली, तर त्याच आठवड्यात इंजिनिअर पाठवावा. ९०० युनिट सांगितले, तर सात-आठ किलोवॉटचंच काम आहे. तिथे माणूस न पाठवता फोनवर अंदाज द्यावा. कुठल्याही उत्तराने आपलं पुढचं पाऊल बदलणार नसेल, तर तो प्रश्न पत्रातून काढलेला बरा.

‘भाड्याची’ असं उत्तर आलं म्हणून लगेच नाव खोडू नये. करार किती वर्षं उरलाय आणि शेडचा मालक परवानगी देईल का, हे पुढच्या पत्रात विचारावं. दहा वर्षं उरली असतील, तर बोलणं पुढे नेण्यात अर्थ आहे.

सर्वांत फसवं उत्तर म्हणजे नुसतं “कोटेशन पाठवा”. दोन्ही प्रश्न त्यात बाजूलाच राहतात. कदाचित दुसऱ्या विक्रेत्याचा दर पाडून घ्यायला त्याला एक कागद हवा असेल, कदाचित खरंच घाई असेल. अशा वेळी किमतीचा ढोबळ अंदाज कळवावा आणि नेमक्या आकड्यासाठी शेवटच्या वीजबिलाचा फोटो मागावा. ज्याला प्रकल्प खरंच करायचा आहे, त्याला बिलाचा फोटो पाठवायला जड जात नाही. तो येईपर्यंत इंजिनिअरची फेरी थांबवावी.