बारा व्होल्टची बॅटरी, हजारो व्होल्टची ठिणगी

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्या जुन्या पेट्रोल इंजिनाशेजारी पेल्याएवढा एक पत्र्याचा डबा असे. मेकॅनिक त्याला नुसतं ‘कॉइल’ म्हणत. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, पण सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायची तर प्लगला दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. मधली ही प्रचंड तफावत तो डबा भरून काढत असे, आणि तेही प्रवाह चालू असताना नव्हे, तर तो तोडल्याच्या क्षणी.

डब्यात लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, दोन-तीनशे वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, त्याच्या साधारण शंभरपट वेढ्यांचं. बॅटरी जोडलेली असते फक्त जाड वेटोळ्याला. या वेटोळ्याचा रोध तीन ओहम धरला, तर शाळेतल्या ओहमच्या नियमानुसार त्यातून ४ अँपिअर प्रवाह जायला हवा. तो जातोही, पण लगेच नाही.

तारेतून प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. प्रवाह वाढतो तसं क्षेत्रही वाढतं, आणि बदलतं क्षेत्र तारेत व्होल्टेज निर्माण करतं, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. इथे गंमत अशी की ज्या तारेने क्षेत्र उभं केलं, तीच तार त्या क्षेत्राच्या वेढ्यात असते. त्यामुळे तिच्यातच व्होल्टेज निर्माण होतं आणि ते होणाऱ्या बदलाच्या विरुद्ध असतं. प्रवाह वाढू लागला तर ते अडवतं, घटू लागला तर त्याला पुढे ढकलतं. प्रवाह जितक्या झपाट्याने बदलेल तितका हा विरोध मोठा. प्रवाह शून्य वेळात बदलायचा तर अनंत व्होल्टेज लागेल, आणि ते कोणत्याच बॅटरीत नसतं. म्हणून वेटोळ्यातला प्रवाह उडी मारत नाही. त्याला चढावं लागतं आणि उतरावं लागतं.

दगडी जात्याची आठवण इथे चुकीची नाही: फिरवायला सुरुवात करताना जड, एकदा फिरू लागलं की चटकन न थांबणारं. फक्त एक फरक लक्षात ठेवायला हवा. जात्याचं जडपण दगडाच्या वस्तुमानात असतं. वेटोळ्यात इलेक्ट्रॉनांचं वजन नगण्य असतं, आणि हा हट्टीपणा क्षेत्राचा असतो.

वेटोळ्याच्या या हट्टीपणाचं माप म्हणजे इंडक्टन्स. त्याचं एकक हेन्री हे अमेरिकेच्या जोसेफ हेन्रीच्या नावावरून आलं. लांब तार बॅटरीपासून सोडवताना मोठी ठिणगी उडते आणि तीच तार गुंडाळली तर ती आणखी मोठी होते, असं त्याने १८३२ मध्ये लिहून ठेवलं होतं. आपल्या डब्यातल्या जाड वेटोळ्याचा इंडक्टन्स ८ मिलिहेन्री मानू. बॅटरी जोडताच प्रवाह दर मिलिसेकंदाला दीड अँपिअर या वेगाने चढू लागतो. पण प्रवाहाबरोबर रोधात वाया जाणारं व्होल्टेजही वाढत असल्याने चढण मंदावते. पावणेतीन मिलिसेकंदांत तो अडीच अँपिअरपर्यंत जातो, आणि चारपर्यंत पोहोचायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात.

या काळात विरोधाला न जुमानता बॅटरीने जे काम केलं ते कुठे गेलं? काही तार तापवण्यात. उरलेलं क्षेत्रात साठलं. साठ्याचं सूत्र सोपं आहे: ½ × L × I². आपल्या आकड्यांनी तो होतो ०.०६४ ज्यूल. साडेसहा ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा. ती तारेत नसते, तारेभोवतीच्या अवकाशात पसरलेली असते. आणि लोखंड ती साठवतं, असं वाटत असेल तर तसंही नाही. या डब्यातला गाभा सरळ दांड्यासारखा, दोन्ही टोकांना उघडा असतो. क्षेत्र लोखंडातून सहज जातं, पण परतीची वाट लोखंडाबाहेरून असते. तीव्रता सारखी असली तर हवेतल्या क्षेत्रात लोखंडातल्यापेक्षा कैक पटींनी जास्त ऊर्जा मावते. त्यामुळे बहुतेक साठा लोखंडाबाहेरच असतो.

किल्ली चालू ठेवून ड्रायव्हर गप्पा मारत बसला, तर हा साठा वाढत नाही. प्रवाह चारवर स्थिर झाला की क्षेत्र बदलत नाही, विरोध संपतो आणि बॅटरीचे ४८ वॅट निव्वळ उष्णता होतात. कॉइल हाताला चटका बसेल इतकी तापते, प्रसंगी जळतेही.

आता तोडण्याचा क्षण. डिस्ट्रिब्युटरमध्ये ‘पॉइंट’ नावाची दोन बारीक संपर्कटोकं असतात. फिरणारा कॅम त्यांना उघडतो. बॅटरीची वाट बंद होते, पण प्रवाह लगेच थांबू शकत नाही. समजा त्याला चारवरून शून्यावर यायला एक दशांश मिलिसेकंद लागला. मग वेटोळ्यात ३२० व्होल्ट निर्माण होतात. त्याच क्षेत्राच्या वेढ्यात शंभरपट वेढ्यांचं दुसरं वेटोळंही असतं, त्यामुळे त्याच्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. प्लगच्या फटीतली हवा तेवढ्यात फुटते आणि साठलेली ऊर्जा तिथे मोकळी होते.

यात एक अडचण आहे. पॉइंट उघडू लागतात तेव्हा त्यांच्यातली फट केसभर असते, आणि तीनशे व्होल्टला ती ओलांडणं अवघड नाही. प्रवाह तिथेच ठिणगी पाडून वाहत राहिला तर ऊर्जा पॉइंट जाळण्यात संपते आणि प्लगच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून पॉइंटला समांतर एक छोटा कंडेन्सर लावलेला असतो, मायक्रोफॅरडचा पाचवा हिस्सा वगैरे. थांबू न शकणाऱ्या प्रवाहाला तो क्षणभर बाजूची वाट देतो. त्यात विद्युतभार भरेपर्यंत पॉइंट पुरेसे लांब गेलेले असतात. कंडेन्सर निकामी झाला की जाणकार मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून इंजिन फिरवतो. पॉइंटमध्ये लखलख, प्लगला निळ्याऐवजी फिकी पिवळी ठिणगी आणि संपर्कटोकांपैकी एकावर खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा, या तीन खुणांवरून निदान पक्कं होतं. मग कॉइल बदलण्यात पैसे घालायची गरज उरत नाही.

या पद्धतीची खरी मर्यादा मात्र वेगाची. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. दोन ठिणग्यांमध्ये दहा मिलिसेकंद, त्यातले पॉइंट बंद असतात जेमतेम पावणेसात. तेवढ्या वेळात प्रवाह ३.७ अँपिअरपर्यंत चढतो, म्हणजे काम भागतं. ६,००० फेऱ्यांवर वेळ निम्मा होतो, प्रवाह २.८ च्या आसपासच अडकतो, आणि साठा प्रवाहाच्या वर्गाशी बांधलेला असल्याने तो जवळजवळ निम्म्यावर येतो. जोरात पळवलेलं जुनं इंजिन मध्येच ‘मिस’ मारू लागतं, त्याला हेही एक कारण असतं.

चार्ल्स केटरिंगने १९१० च्या कॅडिलॅकसाठी बसवलेली ही बॅटरी-कॉइलची रचना आजच्या पेट्रोल गाडीतही आहे. पॉइंट गेले, त्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. बहुतेक गाड्यांत आता प्रत्येक प्लगवर स्वतःची छोटी कॉइल असते, त्यामुळे तिला भरायला चौपट वेळ मिळतो. वेटोळं भरायला किती आधी सुरुवात करायची, हे इंजिनाचा संगणक बॅटरीचं व्होल्टेज पाहून ठरवतो. थंडीतल्या पहाटे स्टार्टर मारताना बॅटरी नऊ व्होल्टपर्यंत खाली आली, तर प्रवाह हळू चढणार हे ओळखून तो कॉइल थोडी आधीच चालू करतो.