वर्गणी अडकली, आता खजिनदाराने काय लिहावे?

‘काल ऑनलाइन भरलेली वर्गणी फेल झाली आहे. कृपया खालील लिंकवर आजच पुन्हा भरावी, अन्यथा सभासदत्व खंडित होईल. – खजिनदार.’

असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडला की निम्मे सभासद घाबरून पैसे भरतात आणि उरलेले ‘हे खरं आहे का हो?’ असे विचारत बसतात. दुसऱ्या गटातल्यांचे बरोबर असते. निरोप खऱ्या खजिनदाराने लिहिलेला असला तरी फसवणूक करणारा नेमका असाच लिहितो: कारण अर्धवट, लिंक तयार, घाई आणि शेवटी धमकी. आपल्याकडच्या संस्थांचे खजिनदार बहुधा सज्जन, निवृत्त आणि बिनपगारी असतात. निरोप लिहिताना मात्र ते नकळत भामट्याचीच भाषा उचलतात.

प्रसंग कल्पनेतला नाही. १२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवारी, देशभरात यूपीआय अडखळले. सकाळी उशिरा सुरू झालेला घोळ दुपारीही चालू होता. कुठे दुकानदाराचा क्यूआर चालेना, तर कुठे पैसे खात्यातून वजा झाले आणि स्क्रीनवर ‘पेंडिंग’ एवढेच दिसत राहिले. दिवस मोठा वाईट निवडला गेला होता. नवे आर्थिक वर्ष नुकतेच सुरू झालेले, म्हणजे संस्थांच्या वर्गणीचा हंगाम. त्यात हनुमान जयंती आणि महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणून बँका बंद. दुसऱ्या दिवशी रविवार, सोमवारी १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. शाखेत जाऊन विचारायचे तर थेट मंगळवारी.

समजा, ठाण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाची १,२०० रुपये वार्षिक वर्गणी त्या शनिवारी वीस-बावीस जणांनी भरायला घेतली. संध्याकाळपर्यंत खजिनदारांच्या फोनवर तक्रारींची रीघ लागते. ‘पैसे गेले हो माझे!’ असे एक आजी सांगतात, तर एक आजोबा ‘मी तीनदा भरले’ असे, जरा अभिमानानेच. प्रत्येकाच्या दृष्टीने वर्गणी ‘फेल’ झालेली आहे, पण त्या एका शब्दाआड तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिथेच गोंधळाचे मूळ आहे.

काहींच्या खात्यातून रुपयाही गेलेला नसतो. त्यांनी पुन्हा भरायला हरकत नाही. काहींचे पैसे वजा झालेले असतात, अ‍ॅपवर व्यवहार अयशस्वी दिसतो आणि रक्कम आपोआप परत येणार असते. तिसरी अवस्था सर्वांत फसवी. पैसे गेले आहेत, व्यवहार ‘पेंडिंग’ आहे आणि तो कोणत्या बाजूला पडेल हे अजून ठरलेले नाही. रक्कम दोन तासांनी संस्थेच्या खात्यात जमाही होऊ शकते किंवा दुसऱ्या दिवशी परतही येऊ शकते. ‘तीनदा भरले’ म्हणणारे आजोबा या अवस्थेतले असतील, तर त्यांची तीन वर्षांची वर्गणी जमा होऊन बसण्याची शक्यता आहे.

पैसे परत यायला किती दिवस लागावेत, हे बँकेच्या मर्जीवर नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती ठरवून दिल्या आहेत. खात्यातून खात्यात साधे पैसे पाठवले असतील आणि समोर जमा झाले नसतील, तर रक्कम फार तर दुसऱ्या दिवशी परत यायला हवी. व्यापारी क्यूआरवर पैसे भरले असतील, तर ही मुदत व्यवहारानंतर पाच दिवसांची आहे. मुदत टळली की पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे, बँकेच्या कामकाजाचे नव्हेत. त्यामुळे सलग तीन सुट्ट्या आल्या तरी १२ एप्रिलच्या व्यवहाराची मुदत एका प्रकारात १३ एप्रिलला आणि दुसऱ्या प्रकारात १७ एप्रिलला संपते. आपल्या संस्थेचा क्यूआर यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे खजिनदाराने बँकेतून एकदा विचारून घेतले की सभासदांना नेमकी तारीख सांगता येते. ‘दोन-चार दिवस थांबा’ असे मोघम सांगितले की तोच सभासद रोज फोन करतो.

थांबण्याला दुसरेही कारण आहे. त्या शनिवारच्या घोळाची चौकशी झाली तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाला, म्हणजे एनपीसीआयला, असे आढळले की काही बँकांच्या यंत्रणा ‘या व्यवहाराचे काय झाले?’ ही विचारणा पुन्हा पुन्हा, अगदी जुन्या व्यवहारांसाठीही, धाडत होत्या आणि त्या माऱ्याखाली यंत्रणा दबली. मग बँकांना बंधन घातले गेले: व्यवहारानंतर पहिली विचारणा दीड मिनिटाने आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन. सभासदाने दर मिनिटाला अ‍ॅप उघडून बघितले म्हणून उत्तर लवकर येत नाही.

शोधायचे तर कुठे? मोबाइलवर आलेला एसएमएस हा पुरावा नव्हे, तो कुणीही पाठवू शकतो. स्क्रीनशॉट तर बनवताही येतो. पुरावा म्हणजे बँकेचा खातेउतारा, सभासदाचा आणि संस्थेचा. अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात बारा आकडी यूटीआर नंबर असतो आणि उताऱ्यातल्या नोंदीत सहसा तोच आकडा सापडतो. पैसे परत आले असतील तर सभासदाच्या उताऱ्यात दोन ओळी दिसतात, एक नावे आणि एक जमा. संस्थेला मिळाले असतील तर संस्थेच्या उताऱ्यात एक जमा दिसते. दोन्हीकडे काहीच नसेल, तर पैसे अजून अडकलेले आहेत.

या बारा आकड्यांत एक गंमतही आहे. पहिला अंक सहसा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. १२ एप्रिल हा २०२५ मधला १०२ वा दिवस, म्हणून त्या दिवशीच्या व्यवहाराचा नंबर साधारणपणे ५१०२ ने सुरू होणार. कुणी त्या तारखेचा स्क्रीनशॉट पाठवला आणि नंबर ५०६८ ने सुरू झाला, तर तो मार्चमधल्या व्यवहाराचा आहे. चूक असेल किंवा लबाडी असेल, खजिनदाराने उताऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय पावती फाडू नये.

फसवणूक शिरते ती नेमकी या मधल्या दिवसांत. ग्रुपवर तक्रारींचा गलका असतो, कुणाचे पैसे अडकले हे सगळ्यांना कळलेले असते. मग एखाद्या सभासदाला फोन येतो: ‘संघाच्या ऑफिसातून बोलतोय, तुमचा रिफंड आलाय. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे रिफंडसाठी म्हणून एखादी .apk फाइल पाठवायची किंवा स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप उतरवायला लावायचे. तेही नाही जमले तर खजिनदाराचाच फोटो डीपीला लावून नव्या नंबरावरून नवा क्यूआर पाठवायचा.

उलटा डाव खजिनदारावरही टाकला जातो. ‘माझ्याकडून दोनदा गेले, एक रक्कम या नंबरावर परत करा,’ अशी विनंती येते आणि नंबर भलत्याचाच असतो. जादा जमा झालेली वर्गणी, ती खरोखर आलेली आहे हे उताऱ्यात बघून, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी किंवा सभासदाच्या नावाने रेखांकित चेक द्यावा. बहुतेक संस्थांच्या चेकवर दोन सह्या लागतात. एरवी कटकटीची वाटणारी ही अट इथे कामाला येते.

आता पुन्हा निरोपाकडे. त्या शनिवारी रात्री खजिनदारांनी काय लिहायला हवे होते? साधारण असे:

‘सप्रेम नमस्कार. आज देशभरात यूपीआयमध्ये बिघाड असल्याने काही सभासदांची वर्गणी संघाच्या खात्यात पोहोचलेली नाही. ज्यांच्या खात्यातून पैसे वजा झाले आहेत, त्यांनी तूर्त पुन्हा भरू नयेत. १७ तारखेपर्यंत रक्कम परत येईल किंवा संघाकडे जमा होईल. मंगळवारी बँक उघडल्यावर मी उतारा तपासून प्रत्येकाला कळवीन. वर्गणीची मुदत ३० एप्रिलपर्यंत वाढवली आहे, विलंब शुल्क नाही. या निरोपात लिंक किंवा क्यूआर मुद्दाम दिलेला नाही. संघाचा खाते क्रमांक आपल्या जुन्या पावतीमागे आणि कार्यालयातील फलकावर आहे, तोच वापरावा. रिफंडसाठी संघातून कुणीही फोन करणार नाही. शंका असल्यास सभासद यादीतल्या माझ्या नेहमीच्या नंबरावर फोन करावा. चेकही चालेल.’

लिंक न देणारा निरोप पहिल्या वाचनात अर्धवट वाटतो, पण त्याची ताकद तिथेच आहे. खाते क्रमांक आधीच छापलेला, सभासदाच्या घरात असलेला. कुणी खजिनदाराचे सोंग घेतले तरी ती पावती त्याला बदलता येत नाही.

पुन्हा भरताना शेवटची पायरी सभासदाची. रक्कम टाकल्यावर, पिन टाकण्याआधी, स्क्रीनवर येणारे नाव वाचायचे. एनपीसीआयच्या आदेशानुसार ३० जून २०२५ पासून अ‍ॅपना पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दाखवावे लागते. त्याआधी काही अ‍ॅपवर टोपणनाव किंवा फोनमध्ये साठवलेले नाव दिसायचे. संस्थेचे नाव इंग्रजीत, तुटक दिसेल, पण दिसले पाहिजे. तिथे एखाद्या व्यक्तीचे नाव आले, अगदी खजिनदाराचे असले तरी, थांबून फोन करावा. वर्गणी व्यक्तीच्या खात्यात घेणे संस्थेच्या हिशेबालाही बरे नव्हे.

मुदत उलटूनही पैसे आले नाहीत, तर अ‍ॅपमध्येच त्या व्यवहारावर तक्रार नोंदवावी आणि यूटीआर नंबर देऊन आपल्या बँकेला लेखी कळवावे. संघाच्या खजिनदाराशी भांडून उपयोग नाही, कारण पैसे त्याच्याकडे आलेलेच नसतात. बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पैसे फसवणुकीत गेले असतील, तर मात्र एक तासही थांबू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच ती हाती लागण्याची आशा असते.